उत्तरसूची नसताना स्वतःच्या गणिताचा ताळा कसा करावा

"मी 17 नंबरचा अर्ज भरून दहावीला बसणार आहे. दिवसभर कामावर असतो, शिकवणी लावणे शक्य नाही. गणित भाग 1 च्या सरावपत्रिका रात्री सोडवतो, पण बऱ्याच पत्रिकांना उत्तरे दिलेली नसतात. सोडवलेले बरोबर आहे की चूक, हे माझे मला कसे कळावे? पुन्हा वाचून पाहिले तरी सगळे बरोबरच वाटते."

पुन्हा वाचून सगळे बरोबर वाटते, कारण वाचताना आपण आधीच्याच वाटेने दुसऱ्यांदा जातो. कंस सोडवताना उणे चिन्ह आत गुणायचे राहिले असेल, तर ज्या समजुतीने ते राहिले तीच समजूत वाचतानाही सोबत असते आणि ओळ नजरेखालून जाते. म्हणून ताळ्याचा एक नियम आधी पक्का धरावा: उत्तर ज्या पायऱ्यांनी आले त्या पायऱ्या न वापरता ते तपासले गेले पाहिजे. किंमत ठेवून पाहणे, आधी अंदाज बांधणे आणि उलट क्रियेने मूळ संख्येपर्यंत परत जाणे, या तिन्ही पद्धती यासाठीच आहेत. मात्र त्या एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत. एकीला जी चूक दिसते ती दुसरीला अनेकदा दिसतच नाही. रात्रशाळेत दहावीला शिकवताना मला सारखे जाणवत आले आहे की बहुतेक विद्यार्थी ताळा करतात, पण त्या चुकीला न पकडणारा ताळा करतात आणि निश्चिंत होतात. म्हणून कोणती पद्धत काय पकडते आणि कशाच्या बाबतीत आंधळी असते, हे उदाहरणांवरून सांगतो. रोजचा क्रम त्यातूनच ठरतो.

सर्वांत सोप्या प्रकारापासून, म्हणजे एका चलातील समीकरणापासून सुरुवात करू. समजा तुम्ही पुढील समीकरण असे सोडवले आहे.

(2x − 1)/3 − (x − 4)/2 = 4 … (अ)
2(2x − 1) − 3(x − 4) = 24 … (आ)
4x − 2 − 3x − 12 = 24 … (इ)
x − 14 = 24 … (ई)
x = 38

आता 38 ही किंमत मूळ समीकरणात ठेवा. मूळ म्हणजे पत्रिकेवर छापलेले समीकरण. वहीत उतरवून घेतलेले नव्हे, कारण उतरवतानाच एखादे चिन्ह बदललेले असू शकते. डावी बाजू येते 75/3 − 34/2, म्हणजे 25 − 17 = 8. उजवी बाजू 4 आहे. ताळा जुळत नाही, म्हणजे उत्तर चूक आहे.

इथे बरेच जण सगळे खोडून पहिल्यापासून सोडवायला घेतात आणि पुष्कळदा तीच चूक पुन्हा करतात. त्याऐवजी ते चुकीचे उत्तरच कामाला लावावे. चूक जिथे झाली तिच्या खालच्या प्रत्येक ओळीत हे चुकीचे उत्तर बरोबर बसते आणि वरच्या ओळींत बसत नाही. म्हणून 38 ही किंमत खालून वर एकेका ओळीत ठेवत जा. ओळ (ई): 38 − 14 = 24, जुळते. ओळ (इ): 152 − 2 − 114 − 12 = 24, जुळते. ओळ (आ): 2 × 75 − 3 × 34 = 150 − 102 = 48, आणि हवे होते 24. इथे जुळत नाही. म्हणजे चूक (आ) आणि (इ) या दोन ओळींच्या मध्येच आहे, दुसरीकडे कुठेही शोधायची गरज नाही. आता या दोनच ओळी पाहिल्या की −3 ने −4 ला गुणल्यावर +12 यायला हवे होते, ते −12 लिहिले गेले, हे लगेच दिसते. दुरुस्ती केल्यावर x + 10 = 24, म्हणून x = 14 मिळते, आणि मूळ समीकरणात 27/3 − 10/2 = 9 − 5 = 4 असा ताळा जुळतो. शिक्षक वहीवर लाल गोल करून नेमके हेच दाखवत असतो. हे काम तुम्हाला एकट्याने, दोन मिनिटांच्या आत करता येते. एका वेळी एकच चूक असेल तर ही पद्धत थेट तिच्यापर्यंत नेते. दोन चुका असतील तर खालची चूक आधी सापडते. ती दुरुस्त करून येणारे नवे उत्तर पुन्हा मूळ समीकरणात ठेवले की वरची चूकही उघडी पडते.

दोन चलांतील रेषीय समीकरणांत मात्र किंमत ठेवण्याचा ताळा सहज फसवतो. ही दोन समीकरणे घ्या.

2x + y = 14 … (1)
3x − 2y = 7 … (2)

y चा लोप करण्यासाठी समीकरण (1) ला 2 ने गुणायचे आहे. गुणताना उजवी बाजू गुणायची राहिली, असे समजू. मग 4x + 2y = 14 झाले, त्यात (2) मिळवले, 7x = 21 आले आणि x = 3 मिळाले. ही किंमत (1) मध्ये ठेवून y = 8 काढले. आता ताळ्यासाठी (3, 8) ही जोडी पुन्हा समीकरण (1) मध्ये ठेवली तर 6 + 8 = 14, अगदी बरोबर! पण हा ताळाच नाही. y ची किंमत आपण (1) मधूनच काढली होती, त्यामुळे x कितीही चुकीचा असला तरी (1) जुळणारच. खरा ताळा (2) मध्ये होतो: 9 − 16 = −7, आणि हवे होते 7. म्हणून नियम असा ठेवावा की दुसरे चल ज्या समीकरणातून काढले त्यात ताळा करू नये. तो दुसऱ्या समीकरणात करावा. बरोबर उकल (5, 4) आहे, ती दोन्ही समीकरणांत ठेवून पाहा. क्रेमरच्या पद्धतीने सोडवले असेल तर x आणि y स्वतंत्रपणे निश्चयकांवरून काढलेले असतात, म्हणून तिथे मात्र दोन्ही समीकरणांत ताळा करणे आवश्यक आहे.

वर्गसमीकरणांकडे आलो की किंमत ठेवण्याची पद्धत आणखी एका बाबतीत अपुरी पडते. मिळालेले मूळ बरोबर आहे की नाही हे ती सांगते, पण एखादे मूळ हरवले आहे की नाही हे सांगू शकत नाही. 3x² = 12x या समीकरणात दोन्ही बाजूंना 3x ने भागून x = 4 लिहिले, तर ताळा जुळतो: 48 = 48. तरीही उत्तर अपुरे आहे, कारण x ने भागताना x = 0 हे मूळ गळून पडले. ही चूक पकडायला मुळांची बेरीज आणि गुणाकार वापरावेत. ax² + bx + c = 0 या समीकरणाच्या मुळांची बेरीज −b/a आणि गुणाकार c/a असतो, हे आपल्या अभ्यासक्रमातच आहे. 3x² − 12x = 0 मध्ये बेरीज 12/3 = 4 यायला हवी. हातात एक मूळ 4 आहे, म्हणजे दुसरे 0 असलेच पाहिजे.

बेरीज आणि गुणाकार या दोन्हींचा ताळा करावा, एकाने भागत नाही. 2x² − 7x − 15 = 0 याचे अवयव (2x + 3)(x − 5) आहेत, म्हणून मुळे 5 आणि −3/2 येतात. अवयवांवरून मुळे लिहिताना चिन्हे उलटी पडून −5 आणि 3/2 असे उत्तर लिहिले जाणे ही फार नेहमीची चूक आहे. या चुकीच्या जोडीचा गुणाकारही −15/2 च येतो, म्हणजे केवळ गुणाकार पाहणारा विद्यार्थी समाधानाने पुढच्या उदाहरणाकडे जातो. बेरीज पाहिली की मात्र 7/2 ऐवजी −7/2 येते आणि चूक उघड होते. सूत्राने सोडवलेल्या उदाहरणात 3 + √2 आणि 3 − √2 अशी मुळे येतात, तेव्हा ती मूळ समीकरणात ठेवून वर्ग करत बसणे कष्टाचे असते आणि त्या आकडेमोडीतच नवी चूक होऊ शकते. तिथे बेरीज 6 आणि गुणाकार 9 − 2 = 7 हे तोंडीच निघते, आणि समीकरण x² − 6x + 7 = 0 आहे ना, एवढेच पाहायचे असते.

आतापर्यंतचे सगळे ताळे समीकरण योग्य आहे असे गृहीत धरून चालतात. शाब्दिक उदाहरणांत नेमके तेच गृहीत धरता येत नाही, आणि माझ्या मते एकट्याने अभ्यास करणाऱ्याचे सर्वाधिक नुकसान इथेच होते. पुढील उदाहरण पाहा. एका दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज 11 आहे. अंकांची अदलाबदल केल्यास मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा 27 ने मोठी आहे. तर मूळ संख्या कोणती? दशकस्थानचा अंक x आणि एककस्थानचा y मानला तर मूळ संख्या 10x + y होते आणि अदलाबदलीनंतरची 10y + x. घाईत वजाबाकी उलटी मांडली गेली, तर (10x + y) − (10y + x) = 27, म्हणजे x − y = 3 असे समीकरण तयार होते. x + y = 11 सोबत सोडवल्यावर x = 7, y = 4, म्हणून संख्या 74. आता x आणि y या किमती आपल्या दोन्ही समीकरणांत ठेवा: 7 + 4 = 11 आणि 7 − 4 = 3. दोन्हीकडे ताळा अगदी चोख जुळतो, आणि तरीही उत्तर चूक आहे.

याचे कारण उघड आहे. चूक समीकरण मांडताना झाली, म्हणून समीकरणाला ती दिसणार नाही. शाब्दिक उदाहरणात उत्तर नेहमी मजकुरात ठेवावे, समीकरणात नव्हे. वहीतले समीकरण हाताने झाका, प्रश्न पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचा आणि प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारा, 74 साठी हे वाक्य खरे आहे का? अंकांची बेरीज 11, खरे. अदलाबदल केल्यावर 47 मिळते. ती 74 पेक्षा 27 ने मोठी आहे का? नाही, लहान आहे. इथे चूक सापडली. 47 घेतल्यावर अदलाबदलीने 74 मिळते आणि 74 − 47 = 27, म्हणजे दोन्ही वाक्ये खरी ठरतात. वयाची, नाण्यांची, बागेच्या लांबी-रुंदीची उदाहरणे याच रीतीने तपासावीत. "पेक्षा", "पट", "कमी", "पूर्वी" हे शब्द मांडणीत वारंवार उलटतात, म्हणून त्या शब्दांपाशी थोडे अधिक थांबावे.

अंदाजाची खरी गरजही मांडणीच्या चुकांसाठीच असते, विशेषतः एककांच्या. हे उदाहरण घ्या. एक एसटी बस 150 किलोमीटर अंतर ठरावीक वेगाने जाते. तिचा वेग ताशी 10 किलोमीटरने कमी असता तर तिला 30 मिनिटे जास्त लागली असती. बसचा वेग काढा. सोडवायला बसण्यापूर्वी समासात अंदाज लिहावा. एसटीचा वेग ताशी 40 ते 80 किलोमीटरच्या दरम्यान असणार. इतका ढोबळ अंदाज पुरेसा आहे. एकच नेमकी संख्या लिहिण्यापेक्षा अशा दोन मर्यादा लिहिणे अधिक उपयोगी पडते.

आता समजा 30 मिनिटांचे तासांत रूपांतर करायचे राहिले आणि समीकरण 150/(x − 10) − 150/x = 30 असे मांडले गेले. सोडवल्यावर x² − 10x − 50 = 0, आणि सूत्राने x = 5 + 5√3, म्हणजे सुमारे 13.66. हे उत्तर त्या समीकरणात ठेवले तर ते बसते. मुळांची बेरीज 10 येते, गुणाकार −50 येतो, त्याही जुळतात. किंमत ठेवण्याच्या कोणत्याही रीतीने इथे शंका येत नाही. पण समासातल्या अंदाजाशी तुलना करताच चूक समोर येते: 150 किलोमीटरला जवळजवळ 11 तास लावणारी एसटी कोणी पाहिलेली नाही, आणि वेग 10 ने कमी केल्यावर ती माणसाच्या चालीपेक्षाही हळू चालेल. 30 मिनिटे म्हणजे 1/2 तास असे घेतल्यावर x² − 10x − 3000 = 0 मिळते आणि x = 60 किंवा x = −50. वेग ऋण नसतो, म्हणून 60. मजकुरात ठेवून पाहा: ताशी 60 ने अडीच तास, ताशी 50 ने 3 तास, फरक अर्ध्या तासाचा. अंदाज सोडवण्यापूर्वीच लिहावा असा माझा आग्रह आहे. एकदा 13.66 हे उत्तर डोळ्यांसमोर आले की मन त्याच्याभोवती स्पष्टीकरण रचू लागते, घाटातला रस्ता असेल, बस जुनी असेल, आणि नंतर केलेला अंदाज उत्तराच्या बाजूनेच झुकतो.

अंदाजाची मर्यादा आता अर्थनियोजनातल्या उदाहरणावरून पाहू. एका वस्तूची 18% जीएसटीसह किंमत 5,900 रुपये आहे, तर तिची करपात्र किंमत किती? अंदाज असा की कर हजाराच्या आसपास, म्हणून करपात्र किंमत 5,000 च्या जवळपास. नेहमीची चूक अशी होते की 5,900 चेच 18% काढले जातात, ते 1,062 येतात, आणि वजा करून 4,838 हे उत्तर लिहिले जाते. अंदाजाला हे उत्तर अगदी मान्य होईल, कारण तेही 5,000 च्या जवळच आहे. इथे उलट क्रिया हवी. करपात्र किंमतीवर कर लावून आपण पुन्हा 5,900 पर्यंत पोहोचतो का ते पाहावे. 4,838 चे 18% म्हणजे 870.84; बेरीज 5,708.84. मूळ किंमत आली नाही, म्हणून उत्तर चूक. 5,900 ला 118 ने भागून 100 ने गुणल्यास 5,000 येतात, त्यावर 900 रुपये कर लावला की बरोबर 5,900 होतात. टक्केवारीत वाढ आणि घट एकमेकींच्या उलट नसतात. 18% वाढ केलेल्या संख्येत 18% घट केली तर मूळ संख्या परत येत नाही. म्हणून शेकडेवारीची उलट क्रिया करताना वजाबाकी न करता, मिळालेल्या पायावरून पुढच्या दिशेने पुन्हा कर लावून पाहावे. हाच ताळा सवलतीच्या, दलालीच्या आणि शेअर खरेदीच्या उदाहरणांना चालतो.

अंकगणिती श्रेढीतही असेच होते. 5, 11, 17, … या श्रेढीच्या पहिल्या 40 पदांची बेरीज काढताना 40 वे पद 5 + 39 × 6 = 239 येते, आणि बेरीज 20 × (5 + 239) = 4,880. एखाद्याने 39 ऐवजी 40 ने गुणले तर शेवटचे पद 245 आणि बेरीज 5,000 येईल. पदे 5 पासून सुमारे 240 पर्यंत जातात, म्हणजे सरासरी साधारण 120, आणि 40 पदांची बेरीज साधारण 4,800, हा अंदाज 4,880 आणि 5,000 या दोन्ही उत्तरांना जवळचाच वाटतो. उलट जाऊन पाहा: 245 हे पद कितवे? (245 − 5) ÷ 6 = 40, त्यात 1 मिळवून 41 वे. आपल्याला 40 वे हवे होते. मिळालेल्या पदावरून त्याचा क्रमांक परत काढणे हा श्रेढीसाठी सर्वांत विश्वासू ताळा आहे आणि त्याला अर्धे मिनिटही लागत नाही.

साध्या आकडेमोडीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही आणि घरीही ताळ्यासाठी तो वापरू नये. 387 × 52 साठी 400 × 50 = 20,000 असा अंदाज धरला की, दुसऱ्या ओळीत शून्य न टाकल्यामुळे आलेले 2,709 हे उत्तर लगेच बाद होते. पण अंक उलटे पडून 20,124 ऐवजी 20,214 लिहिले गेले, तर अंदाज गप्प राहतो. अंकांची बेरीज करून नऊचा ताळा पाहिला तर तोही गप्प राहतो, कारण अंकांची जागा बदलली तरी त्यांची बेरीज बदलत नाही. अशा वेळी भागाकार करूनच पाहावे: 20,214 ला 52 ने भागल्यास 388 भागाकार आणि 38 बाकी उरते, म्हणजे गुणाकार चुकला आहे.

बैजिक राशींचा विस्तार आणि अवयव तपासताना चलाच्या जागी एक लहान संख्या ठेवून दोन्ही बाजू काढाव्यात, पण ती संख्या विचारपूर्वक निवडावी. 0 ठेवले की चल असलेली सगळी पदे नाहीशी होतात आणि त्यांच्यातल्या चुकाही नाहीशा होतात. 1 ठेवले की x, x² आणि x³ सारखेच होतात, त्यामुळे घातांकातली चूक लपते. ज्या किमतीने एखादा कंस शून्य होतो तीही टाळावी. (x − 3)² = x² − 9 ही चूक x = 3 ठेवल्यावर 0 = 0 अशी जुळलेली दिसते; x = 2 ठेवले की एका बाजूला 1 आणि दुसऱ्या बाजूला −5 येते. साधारणपणे 2 किंवा 10 या किमती सोयीच्या पडतात.

आता हे सगळे रोजच्या बैठकीत कसे बसवायचे ते सांगतो. वहीच्या पानाला उजवीकडे चार बोटे समास आखा. पत्रिका हाती घेतल्यावर पाच उदाहरणे वाचा आणि प्रत्येकासमोर समासात अंदाज, उत्तराचे एकक आणि अपेक्षित उत्तरांची संख्या, म्हणजे एक, दोन किंवा जोडी, एवढे लिहा. मग पाचही उदाहरणे सोडवा आणि मध्ये ताळा करू नका. पाच संपल्यावर उठून पाणी प्या, वेगळ्या रंगाचे पेन घ्या आणि पहिल्यापासून ताळा सुरू करा. लगेच ताळा केला तर नुकतीच लिहिलेली ओळ मनात ताजी असते आणि नजर पुन्हा तीच ओळ वाचते. पाच उदाहरणांचे अंतर पडले की ती बरीच परकी होते. ताळा समासातच लिहावा, तोंडी करू नये, कारण तोंडी ताळ्यात आपण उजवी बाजू काय यायला हवी हे आधीच जाणत असतो आणि नकळत तिथेच पोहोचतो. डावी बाजू पूर्ण काढून झाल्यावरच उजव्या बाजूकडे पाहावे.

ताळ्यानंतर प्रत्येक उदाहरणासमोर तीनपैकी एक खूण करावी: खात्री, शंका किंवा चूक. चूक सापडली तर खोडरबर वापरू नये. चुकीच्या ओळीखाली रेघ मारून ती कोणत्या जातीची आहे ते एका शब्दात लिहावे. चिन्ह, कंस, उतरवणे, मांडणी, एकक, आकडेमोड, एवढे सहा शब्द दहावीच्या भाग 1 ला पुरतात. दोन-तीन आठवड्यांत यातला एखादा शब्द समासात वारंवार दिसू लागेल, आणि मग कोणत्या ताळ्यावर अधिक वेळ द्यायचा हे वहीच सांगेल. "मांडणी" जास्त दिसत असेल तर मजकुरात उत्तर ठेवण्याचा ताळा कधीही सोडू नये. "चिन्ह" जास्त दिसत असेल तर किंमत ठेवून खालून वर जाण्याचा सराव करावा. "शंका" अशी खूण केलेली उदाहरणे रविवारी कोऱ्या पानावर, जुने पान न पाहता, शक्य असल्यास दुसऱ्या रीतीने सोडवावीत. लोप पद्धतीने सोडवले असेल तर क्रेमरने, अवयवांनी सोडवले असेल तर सूत्राने.

सुरुवातीचा पंधरवडा मात्र उत्तरे नसलेल्या पत्रिका बाजूला ठेवा आणि पाठ्यपुस्तकातले सरावसंच घ्या, कारण त्यांची उत्तरसूची पुस्तकाच्या शेवटी असते. खात्री, शंका आणि चूक या तिन्ही खुणा करून झाल्यावरच उत्तरसूची उघडावी. उत्तरसूचीवरून तपासायचे ते उदाहरण नव्हे, आपला ताळा. ज्या उदाहरणासमोर "खात्री" लिहिले होते आणि उत्तर चूक निघाले, ते उदाहरण सर्वांत मोलाचे आहे. तिथे कोणता ताळा केला होता आणि कोणता करायला हवा होता हे शोधून काढा. अशी उदाहरणे क्वचितच निघू लागली की उत्तरे नसलेल्या पत्रिकांकडे निर्धास्तपणे वळता येईल. उत्तरसूचीतही क्वचित छपाईची चूक असते. तुमचा ताळा मजकुराशी पूर्ण जुळत असेल आणि छापील उत्तर मजकुरात बसत नसेल, तर स्वतःच्या उत्तरावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

एक गोष्ट या ताळ्यांच्या कक्षेबाहेर आहे. उत्तर बरोबर आले म्हणून पायऱ्या बरोबर असतात असे नाही, आणि बोर्डाच्या परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात. दोन चुका एकमेकींना खोडून बरोबर उत्तर देऊ शकतात, आणि ताळा ते सांगणार नाही. भाग 2 मधल्या प्रमेयांच्या सिद्धता तर किंमत ठेवून तपासताच येत नाहीत. तिथे प्रत्येक विधानासमोर कारण लिहिले आहे का आणि ते कारण त्याच विधानाला लागू पडते का, हे पाहणे हाच मार्ग आहे. यासाठी महिन्यातून एकदा तरी, जवळच्या शाळेतील शिक्षक किंवा गेल्या वर्षी दहावी झालेला एखादा विद्यार्थी गाठून, सोडवलेली दोन पाने केवळ मांडणीसाठी दाखवावीत. उत्तरांबद्दल त्यांना विचारू नये, ते काम तुमचे तुम्हाला जमेल.

परीक्षेत 2 तासांत 40 गुणांची पत्रिका सोडवायची असते, त्यामुळे तिथे सगळ्या उदाहरणांचा लेखी ताळा होणार नाही. शेवटची 10 मिनिटे राखून ठेवावीत आणि ताळ्याचा क्रम आधीच ठरलेला असावा: आधी शाब्दिक उदाहरणांची उत्तरे मजकुरात ठेवून पाहावीत, कारण त्यांचे गुण जास्त असतात आणि मांडणीची एक चूक सगळे उदाहरण घेऊन जाते, मग वर्गसमीकरणांच्या मुळांची बेरीज आणि गुणाकार तोंडी पाहावेत, उरलेल्या वेळात दोन चलांच्या समीकरणांच्या उकली, ज्या समीकरणातून दुसरे चल काढले नाही त्या समीकरणात ठेवाव्यात. ताळा जुळला नाही आणि दुरुस्तीला वेळ उरला नाही, तर लिहिलेले खोडू नये. पायऱ्यांचे गुण मिळण्याची शक्यता असते, कोऱ्या जागेला काहीच मिळत नाही.